ओबाचानचं 'करमणार नाही' मी उलटं वाचलं होतं

मागच्या सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी जपानमधे ओकायामाला एक्सचेंजवर होते, पाच महिने एका घरी राहिले, आणि निघताना त्या घरच्यांनी मला एक कार्ड दिलं. ते कार्ड नीट वाचायला मला तीन आठवडे लागले आणि त्याच्यानंतर जे थँक यू लेटर लिहिलं ते लिहायला अजून दहा दिवस. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडची बरीच पोरंपोरी आता जपानी शिकताहेत, पुण्यात तर गल्लोगल्ली क्लास आहेत, आणि असं कार्ड त्यांच्याही हातात कधीतरी पडणारच.

मी मूळची अमळनेर तालुक्यातली, शिकायला पुण्यात. जपानीची एन फोर परीक्षा पास झाले होते. म्हणजे बोलणं बऱ्यापैकी, कांजी तीनशेच्या आसपास, छापलेला सोपा मजकूर वाचता येतो. कांजी म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, एकेक अक्षर म्हणजे एकेक अर्थ. त्याच्याशिवाय हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या आहेत, त्या आपल्या बाराखडीसारख्या उच्चाराप्रमाणे चालतात. हाताने लिहिलेलं जपानी मात्र वेगळंच प्रकरण असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

घरात चौघं. ओतोसान म्हणजे वडील, ओकासान म्हणजे आई, धाकटा चौथीतला, आणि ओबाचान म्हणजे आजी. निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर ओकासानने एक चौकोनी जाड पुठ्ठा दोन्ही हातांनी माझ्या पुढे धरला. त्याला शिकिशी म्हणतात, साधारण 24 बाय 27 सेंटीमीटरचा, कडेला बारीक सोनेरी पट्टी असते, आणि निरोपाच्या वेळी सगळे जण त्याच्यावर थोडं थोडं लिहून देतात. मधे माझं नाव काताकानात, आणि चार कोपऱ्यांत चौघांचं लिहिलेलं. मी तिथल्या तिथे वाचायचा प्रयत्न केला, वरवर कळलं, डोळे भरून आले आणि म्हटलं घरी जाऊन शांतपणे वाचू. मग कपड्यांच्या दोन थरांच्या मधे ठेवून तो पुठ्ठा ओकायामाहून मुंबई आणि मुंबईहून रेल्वेने गावी, जराही न वाकता आला.

घरी पोचले त्या दिवशी लाइनवर, म्हणजे तिकडच्या मेसेजच्या अ‍ॅपवर, ओकासानला मेसेज टाकला, सुखरूप पोचले म्हणून. तिकडे हे लगेच करावं लागतं, आणि पत्र त्याच्यानंतर पाठवायचं, तेही फार उशीर न करता. माझ्याकडून उशीर झाला, का झाला ते पुढे सांगतेच.

ओतोसानचं लिखाण सगळ्यात सोपं होतं, एकच ओळ, गेन्कि दे, म्हणजे आनंदात रहा, तब्येतीने रहा. माणूस तसाही कमी बोलायचा. ओकासानचं अक्षर गोल आणि सुटं, पहिल्या दिवशीच वाचून झालं. त्यात एक शब्द होता कोचिराकोसो. मी निघताना तिला म्हटलं होतं की तुमच्यामुळे माझं सगळं झालं, त्यावरचं तिचं हे उत्तर, म्हणजे आपण 'अहो उलट आम्हीच' म्हणतो ना, अगदी तेच.

धाकट्याचं सोपं वाटलं होतं कारण सगळं हिरागानात होतं, एकही कांजी नाही. पण जपानीत शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत. कांजी असली की कुठे शब्द सुरू होतोय ते डोळ्याला कळतं, नुसतं हिरागाना असलं की सगळी अक्षरं एका माळेत येतात आणि कुठे तोडायचं ते आपणच ठरवायचं. त्याची ओळ सुरूच व्हायची बोक्के या अक्षरांनी, त्याच्यापुढे तानोशिकात्ता म्हणजे मजा आली, आणि मग माता आसोबो ने, म्हणजे परत खेळू हं. बाकीचं कळलं, बोक्के मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात सापडेना. मी ते दोन ठिकाणी तोडून पाहिलं, स्पेलिंगची चूक समजून दुसरे शब्द बसवून पाहिले. शेवटी आठवलं की ओबाचान हिवाळ्यात सकाळी स्वयंपाकघरात आली की हा शब्द थंडीच्या आधी लावायची. ओकायामाच्या बोलीतला शब्द आहे तो, अर्थ खूप. आपल्या अहिराणीत कसं 'गंज मज्या उनी' म्हणतील, तसं त्या पोराने लिहिलं होतं, प्रमाण जपानीत नाही, घरच्या बोलीत. हे कळल्यावर ती एक ओळ मी किती वेळा वाचली असेल!

आता ओबाचानचं. खरं अडलं ते तिथेच.

तिने उभं लिहिलं होतं, वरून खाली, उजवीकडून डावीकडे, आणि फुदेपेनने, म्हणजे ज्या पेनाला निबच्या जागी ब्रशसारखं टोक असतं. त्या पेनाने जोडून लिहिलं की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराच्या डोक्यात जाते. आपल्याकडे जुन्या माणसांची मोडी वळणाची मराठी पत्रं पाहिली असतील तर अंदाज येईल. चारच वाक्यं होती. पहिल्या दिवशी चार वाक्यांतले मिळून पाच-सहा शब्द लागले, बस.

फोनमधल्या डिक्शनरीत बोटाने अक्षर काढून शोधता येतं, पण ते कधी चालतं, तर तुम्हाला रेघा माहीत असतील तेव्हा. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, रेघा किती, याचा क्रम ठरलेला असतो. जोडून लिहिलेल्या अक्षरात तीन रेघांची एक रेघ झालेली असते, त्यामुळे मी जे बोटाने काढायचे त्याच्यावर डिक्शनरी भलतीच अक्षरं दाखवायची. मग मी चौकटीची वही घेतली, आपली शाळेतली गणिताची, आणि एकेक अक्षर मोठं करून, ब्रश कुठे जाड झालाय कुठे बारीक झालाय ते बघत कॉपी करत बसले. जाड झालं तिथे पेन टेकलाय किंवा वळलाय, बारीक झालं तिथे तो उचलला जातोय. असं दहा-बारा वेळा काढलं की हाताला कळायला लागतं की ही एक रेघ नाही, इथे आतमधे तीन आहेत.

पहिल्या वाक्यात मिजिकाई म्हणजे थोडा, छोटा, हे लागलं होतं. त्याच्यापुढचं अक्षर लागेना. एका चौकटीचा वरचा भाग, डाव्या कोपऱ्यात एक ठिपका, आणि आत सूर्याचं अक्षर. असं अक्षर मी कधी पाहिलेलंच नव्हतं. दोन दिवसांनी लक्षात आलं की छापील अक्षरात जे दाराचं चिन्ह असतं, मोंगामाए म्हणतात त्याला, दोन कवाडं असलेलं, ते जुनी माणसं हाताने लिहिताना असं उरकतात. आठ रेघांचं दार तीन रेघांत. म्हणजे ते अक्षर होतं आइदा, दारात सूर्य. दोन कवाडांच्या फटीतून ऊन दिसतं ती मधली जागा, त्यावरून मधला काळ, अवधी. मिजिकाई आइदा, थोडेच दिवस. म्हणजे वाक्याची सुरुवात झाली 'थोडेच दिवस होतीस, पण'.

पण काय? पुढचं अक्षर उजव्या बाजूला स्पष्ट होतं, धाग्यासारखं, वंशाच्या साखळीचं जे चिन्ह आहे ते. डाव्या बाजूला काहीतरी उभं. मी ते माणसाचं चिन्ह समजले, निन्बेन, आणि मग अक्षर झालं काकारी, म्हणजे एखाद्या कामावर नेमलेला माणूस. वाक्य तयार झालं की थोडेच दिवस होतीस पण कामाचा एक माणूस वाढल्यासारखं झालं. मला हे पटलं पण, कारण संध्याकाळचे वाळलेले कपडे आत आणायचं काम माझ्याकडे होतं आणि ओबाचानच्या गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नव्हता. म्हटलं त्याच्याबद्दल लिहिलं असेल. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पाच महिने राहिले आणि हेच का आठवलं तिला, असं मनात आलं.

मग पुण्यातल्या माझ्या सेन्सेईंना, म्हणजे जपानी शिकवणाऱ्या बाईंना, फोटो पाठवला. त्यांनी फोटोवरून उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, अगं, त्याच कार्डावर तिने दुसरीकडे कुठे निन्बेन लिहिलंय का बघ, आणि दोन्ही शेजारी शेजारी कॉपी कर. ही गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते. छापील अक्षराशी तुलना करून काही कळत नाही, एका माणसाचं अक्षर त्याच माणसाच्या अक्षराशी ताडून बघायचं असतं. तिसऱ्या वाक्यात काराडा होतं, म्हणजे शरीर, तब्येत, आणि त्या अक्षराला डावीकडे निन्बेनच असतं, त्यात शंकाच नाही. दोन्ही कॉपी केले. काराडामधे एक तिरकी आणि एक उभी, दोन रेघा, संपलं. पहिल्या वाक्यातल्या अक्षरात मात्र वर एक छोटं वळण होतं, मग उभी रेघ खाली जाऊन जरा वळलेली, आणि तिला मधोमध छेदून उजवीकडे चढत जाणारी एक रेघ, जी पुढे थेट धाग्याच्या चिन्हात शिरली होती म्हणून मला वेगळी दिसली नव्हती. तीन रेघा. म्हणजे निन्बेन नाही, ते कोहेन, मुलाचं चिन्ह. मूल आणि त्याच्या शेजारी वंशाचा धागा. मागो. नातवंड.

'थोडेच दिवस होतीस, पण एक नातवंड वाढल्यासारखं झालं.'

दुपारची वेळ होती, मार्च सुरू झालेला, ऊन तापायला लागलं होतं, गच्चीवर आजीच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या आणि मी जिन्यात सावलीला वही घेऊन बसले होते. आजीने वरून विचारलं, "काय लिखेल शे व?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, खाटेवरच्या ओल्या कापडावर बिबडी थापत राहिली, मग थोड्या वेळाने म्हणाली की म्हातारीचे हात चांगले दिसतात, अक्षरावरून कळतं.

दुसरं वाक्य वाचायला सोपं होतं आणि चूक मी तिथेच केली. साबिशिकु नारिमासु. दोनच शब्द, साबिशिकु म्हणजे एकटं, सुनं, आणि नारिमासु म्हणजे होतं किंवा होईल. कुणाला ते लिहिलेलंच नाही. जपानीत कर्ता सांगितलाच पाहिजे असं नसतं आणि क्रियापद पण बदलत नाही. आपल्याकडे मी जाईन, तू जाशील, ती जाईल, क्रियापदावरून माणूस कळतो. तिकडे सगळ्यांना एकच रूप. मग मी काय केलं, कार्ड मला लिहिलंय म्हणजे वाक्य माझ्याबद्दल असणार असं धरलं, आणि अर्थ लावला की 'तुला एकटं वाटेल'. हे मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं, बाकीचं लागायच्या आधी. आणि वाचल्या वाचल्या ओकासानला लाइनवर लिहून मोकळी झाले की ओबाचानना सांगा, मला एकटं वाटत नाही, घरात खूप माणसं आहेत, मी मजेत आहे, काळजी करू नका.

ओकासानचं उत्तर आलं, योकात्ता. म्हणजे बरं झालं. एवढंच. नेहमी ती चार ओळी लिहायची. मला तेव्हा काही वाटलं नाही.

सेन्सेईंना पूर्ण भाषांतर वाचून दाखवलं तेव्हा त्या या वाक्याशी थांबल्या. त्यांनी समजावलं की जपानीत दुसऱ्याच्या मनातली भावना अशी सरळ ठामपणे सांगतच नाहीत. दुसऱ्याला वाटेल असं म्हणायचं असेल तर शेवटी देश्यो लावतात, म्हणजे बहुतेक, किंवा तसं दिसतंय अशा अर्थाचं सो जोडतात. कारण दुसऱ्याच्या आतलं आपल्याला दिसत नाही, आपण फक्त अंदाज करू शकतो, आणि भाषेतही तो अंदाज म्हणूनच सांगायचा. ज्या वाक्यात असं काही जोडलेलं नाही आणि भावना सरळ सांगितलीय, ती बोलणाऱ्याचीच. ओबाचानने देश्यो लिहिलेलं नव्हतं. म्हणजे एकटं वाटणार होतं ते तिला.

म्हणजे एका म्हाताऱ्या बाईने लिहिलं होतं की तू गेल्यावर आम्हाला सुनं सुनं होईल, आणि मी तिला कळवलं होतं की नाही नाही, मला काही एकटं वाटत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. योकात्ता हा एक शब्द डोळ्यापुढून जाईना.

या वाक्याला मराठी काय द्यायचं यावर मी खूप वेळ घालवला. एकटं वाटेल, सुनं होईल, उणीव भासेल, सगळं लिहून पाहिलं आणि सगळं पुस्तकी वाटलं. मग एक दिवस आत्या माहेरपण संपवून धुळ्याला परत निघाली, पिशव्या भरून झाल्या, रिक्षा दारात आली, आणि आजी ओट्यावर उभी राहून तिला म्हणाली, "तू गयी ना मंग करमस नही." मी आत होते, तिथल्या तिथे उभी राहिले. कुणाला करमत नाही ते आजीने सांगितलं का? नाही. पण आत्याला ते 'तुला करमणार नाही' असं ऐकू आलं का? कधीच नाही! करमणं हा शब्द एकटा सोडला की तो बोलणाऱ्याचाच असतो हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. साबिशिकु नारिमासु म्हणजे करमणार नाही. वहीत मी बाकीचे सगळे शब्द खोडले आणि हा एकच ठेवला.

शेवटचा शब्द इत्तेराश्शाई. हा मला माहीत होता, रोज सकाळी ऐकला होता. घरातून कुणीही बाहेर पडलं की पडणारा म्हणतो इत्तेकिमासु, जाऊन येते, आणि घरातला म्हणतो इत्तेराश्शाई, जाऊन ये. परत आलं की ताडाइमा, आले, आणि आतून ओकाएरी. सायोनारा आपण सिनेमामुळे खूप ऐकलेला असतो पण घरातल्या माणसांत तो म्हणत नाहीत, त्यात दूर जाण्याचा वास असतो. ओबाचान रोज सकाळी जिन्याच्या खाली उभी राहून इत्तेराश्शाई म्हणायची आणि मी पण घाईत बूट घालत इत्तेकिमासु म्हणायचे. कार्डाच्या शेवटी तिने तोच रोजचा शब्द लिहिला, जसं काही मी कॉलेजला निघालेय आणि संध्याकाळी परत येणार आहे. आमच्याकडे मी लहानपणी जाते म्हटलं की आजी लगेच थांबवायची, "जास म्हनानं नही बेटा, येस म्हनानं." त्यामुळे हा शब्द मला समजावून घ्यावा लागला नाही.

आता पत्र. मी कार्ड पूर्ण लागायच्या आधीच एक ड्राफ्ट लिहून ठेवला होता, दीड पान. तो सेन्सेईंना दाखवला तर त्यांनी पहिल्यांदा आनाता या शब्दाभोवती गोल करायला सुरुवात केली. नऊ गोल झाले. पुस्तकात आनाता म्हणजे तुम्ही असं शिकवतात, म्हणून मी जिथे मराठीत तुम्ही आलं असतं तिथे तो टाकत गेले होते. पण मोठ्या माणसाला आनाता म्हणत नाहीत, ते परकं आणि थोडं उद्धट लागतं. तिथे नातंच लिहायचं, ओकासानने हे केलं, ओबाचानने ते शिकवलं. आपण नाही का समोर बसलेल्या मामीला 'मामी चहा घेणार का' असं विचारतो, तसं.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी लिहिलं होतं ओकासानने रोज डबा बनवला. व्याकरणाने बरोबर. पण सेन्सेई म्हणाल्या ही तर बातमी झाली, यात आभार कुठे आहेत? जपानीत कुणी आपल्यासाठी काही केलं की क्रियापदाला कुरेरु जोडतात, त्सुकुत्ते कुरेमाशिता. मराठीत याला तंतोतंत जोड आहे, बनवला नाही, बनवून दिला. शिकवलं नाही, शिकवून दिलं. ते 'दिला' काढलं तर वाक्य खरंच राहतं पण माझ्यावरचे उपकार त्यातून निघून जातात. मी सगळा ड्राफ्ट परत लिहायला घेतला आणि प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं, 'करून दिलं' येतंय का बघायचं, येत असेल तर तिथे कुरेरु.

आणि तिसरं म्हणजे माझ्या ड्राफ्टमधे सगळं ढोबळ होतं. खूप काळजी घेतली, खूप प्रेम दिलं, जपान खूप सुंदर आहे. हे कुणीही कुणालाही लिहील. सेन्सेईंनी विचारलं, त्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही अशी एक गोष्ट सांग. मी म्हटलं, बरणी.

मी शाकाहारी. तिकडे मिसो सूप रोज असतं आणि त्याचं पाणी म्हणजे दाशी बहुतेक घरात कात्सुओबुशी घालून करतात, तो सुकवलेल्या माशाचा कीस असतो. भाजी शाकाहारी दिसली तरी पाणी माशाचं. पहिल्या आठवड्यात मी सूप बाजूला ठेवते हे ओकासानच्या लक्षात आलं. तिने मला काही विचारलं नाही, घरात सगळ्यांचंच दाशी बदललं. कोम्बु म्हणजे समुद्रातल्या वनस्पतीची सुकी पट्टी, ती ओबाचान रोज रात्री काचेच्या बरणीत पाण्यात टाकून फ्रिजमधे ठेवायची, सकाळपर्यंत पाण्याला फिकट पिवळसर रंग यायचा, आणि त्याच पाण्याचं सूप. पाच महिने चौघांनी माझ्यासाठी तेच सूप प्यायलं. मला वेगळं काढून दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी वेगळं केलं नाही. रात्री पाणी प्यायला खाली यायचे तेव्हा फ्रिज उघडला की दिव्यात ती बरणी दिसायची, पट्टी हळूहळू फुगून रुंद झालेली.

पत्रात हेच लिहिलं. सुरुवात हवामानाने, तशी पद्धतच आहे, की आमच्याकडे मार्चमधेच ऊन तापायला लागलंय आणि आजी ज्वारीच्या बिबड्या वाळवतेय, तिकडे प्लमची फुलं येऊन गेली असतील. मग चौघांना वेगवेगळं. धाकट्याला बोक्के हा शब्द वापरूनच उत्तर दिलं आणि त्याच्या शेजारी गंज हा आमचा शब्द काताकानात लिहून पाठवला. ओकासानला बरणीचं.

ओबाचानच्या भागात चुकीची कबुली. सेन्सेईंनी बजावलं होतं की फार माफी मागत बसू नको, तीन ओळी झाल्या की तिलाच तुझी समजूत काढावी लागेल. म्हणून एकच वाक्य लिहिलं, त्याचं मराठी असं होईल: 'ओबाचानचं करमणार नाही हे मी माझं म्हणून वाचलं, आता बरोबर वाचता आलं, आणि मलाही करमत नाही.' त्याच्याखाली फक्त इत्तेकिमासु. इत्तेराश्शाईला तेच उत्तर असतं आणि निघताना ते माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं, मी एअरपोर्टच्या बसमधे बसताना चुकून सायोनारा म्हटलं होतं.

फेअर करायला चार कागद गेले. काळ्या पेनाने लिहायचं, पेन्सिल नाही, लाल तर अजिबात नाही, आणि खाडाखोड झाली तर व्हाइटनर न लावता पान परत लिहायचं. तिसऱ्या कागदावर मागो लिहिताना माझाच हात चुकला आणि निन्बेन निघालं! पाकिटावर पत्ता जपानीत आणि देशाचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात, म्हणजे आपल्या पोस्टाला कुठे पाठवायचं ते कळतं आणि तिकडच्या पोस्टमनला घर कळतं. आजीने पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं, बोट फिरवलं, आणि ओबाचानला उद्देशून लिहिलेली जागा कुठली ते विचारून घेतलं.

पत्र पोचल्यावर ओकासानचा मोठा मेसेज आला, नेहमीसारखा, चार ओळींचा. ओबाचानने पत्र दोनदा वाचलं, चष्मा बदलून परत एकदा वाचलं, आणि तिला एक गोष्ट विचारायची आहे: बिबड्या म्हणजे काय, कशाच्या करतात, आणि फोटो पाठव. फोटो लगेच काढला, आजी हात पुसून खाटेशेजारी उभी राहिली. पण मजकुरावर परत अडले, कारण ज्वारीला जपानीत मोरोकोशी म्हणतात आणि मक्याला तोउमोरोकोशी, ओबाचानने ज्वारी पाहिलेली नाही, नुसतं मोरोकोशी लिहिलं तर तिच्या डोळ्यापुढे मक्याचं कणीस येईल. म्हणून उद्या आमच्या कोठीतली मूठभर ज्वारी पांढऱ्या कागदावर पसरून, शेजारी मक्याचे चार दाणे ठेवून दुसरा फोटो काढणार आहे.